जॉबरला चाळीस टक्के जास्त की दीडपट? लॉगवाल्या रिग्रेशनचा उतार वाचताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांतल्या कामगारांच्या कमाईवर एक विद्यार्थिनी प्रबंध लिहीत होती. महिन्याच्या कमाईचा लॉग घेऊन तिने रिग्रेशन चालवलं आणि जॉबरच्या, म्हणजे मागांची देखरेख करणाऱ्या कारागिराच्या, डमीचा सहगुणक आला ०.४०. तिने लिहिलं, "तेवढाच अनुभव असलेल्या माग चालवणाऱ्यापेक्षा जॉबरची कमाई ४० टक्के जास्त असते." घरी मामांना वाचून दाखवलं. मामा स्वतः जॉबर. ते म्हणाले, "चाळीस कुठलं गं? आमच्यात सरळ दीडपटीचा हिशोब असतो." ती माझ्याकडे आली ती नमुनाच चुकलाय या काळजीने. नमुना ठीक होता आणि मॉडेलही ठीक होतं. वाचण्यात गफलत होती. (खालचे आकडे समजावण्यासाठी गोल करून घेतले आहेत, सोलापूरची आकडेवारी म्हणून कुठे वापरू नका.)

०.४० हा दोन कमाईंच्या लॉगमधला फरक आहे. लॉगमधली वजाबाकी म्हणजे मूळ रुपयांतला भागाकार. म्हणून हा आकडा सांगतो की जॉबरची कमाई माग चालवणाऱ्याच्या कमाईच्या e^0.40 पट, म्हणजे १.४९ पट आहे. जादा ४९ टक्के. मामांची दीडपट बरोबर निघाली.

मग "सहगुणकाला १०० ने गुणा, टक्के मिळतात" हे वर्गात शिकवतात ते खोटं का? खोटं नाही, पण ते फक्त छोट्या आकड्यांसाठी आहे. e^b चा विस्तार १ + b + b²/२ असा सुरू होतो आणि आपण b वरच थांबतो. सोडलेला b²/२ हा तुकडा ०.०३ साठी नगण्य आहे. ०.१० ला चूक अर्ध्या टक्क्याची होते, १० ऐवजी १०.५. ०.२० ला २० ऐवजी २२. ०.४० ला मात्र नऊ टक्क्यांचा खड्डा पडतो. माझा स्वतःचा नियम असा की ०.१० च्या पुढे गेलं की कॅल्क्युलेटर उघडायचा. खरं तर नेहमीच उघडावा, कष्ट एका ओळीचे आहेत:

```
100*(exp(b) - 1)        # R
=100*(EXP(B2)-1)        # Excel
```

उणे चिन्ह असेल तर चूक उलट्या दिशेला जाते, आणि तिकडे कोणी बघतच नाही. याच मॉडेलमध्ये कांडी भरणाऱ्या बायकांच्या डमीचा सहगुणक होता -०.६०. तिने लिहिलं होतं "६० टक्के कमी". खरा हिशोब: e^-0.60 म्हणजे ०.५५, म्हणजे ४५ टक्के कमी. मोठा उणे आकडा सरळ वाचला तर तफावत फुगते. सहगुणक -१.२ आला असता तर "१२० टक्के कमी" लिहावं लागलं असतं, म्हणजे बाईनेच मालकाला पैसे द्यायचे! असं अशक्य वाक्य समोर आलं की समजावं, टक्के थेट वाचले गेलेत.

यातूनच एक प्रश्न हमखास येतो. डमी उलटी केली, म्हणजे जॉबरला आधार धरून माग चालवणाऱ्याशी तुलना केली, तर सहगुणक -०.४० येतो, पण टक्के ३३ येतात. ४९ जास्त आणि ३३ कमी, दोन्ही एकाच वेळी कसं? १०० च्या मालावर ४९ चढवा आणि मग १४९ वरून परत १०० वर या. उतरताना ३३ टक्केच लागतात, कारण टक्के आता १४९ चे मोजले जातात. म्हणून वाक्यात "कोणापेक्षा" हा शब्द गाळू नका.

डमीची ही चूक जुनी आहे. १९८० साली हाल्वोरसन आणि पामक्विस्ट यांनी अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं. तरी ती प्रबंधांत अजून नांदते.

अनुभवाच्या वर्षांचा सहगुणक होता ०.०३. एका वर्षाला ३ टक्के, हे वाचन चालतं. घोटाळा झाला तो पुढच्या वाक्यात: "२० वर्षांत ६० टक्के वाढ". वाढ चक्रवाढीने चढते. वीस वर्षांचे ०.०३ आधी लॉगमध्येच गुणायचे, ०.६० करायचे, आणि मग शेवटी एकदाच e^0.60 काढायचं. उत्तर १.८२, म्हणजे ८२ टक्के. नवख्याची कमाई १०,००० धरली तर वीस वर्षांनी ती १८,२०० च्या आसपास जाते. रुपयांतली वाढही सारखी नसते: पहिल्या वर्षी साधारण ३०५ रुपये, एकविसाव्या वर्षी ५५५. "दरवर्षी सरासरी अमुक रुपये" असं वाक्य या मॉडेलवरून लिहिता येत नाही. आणि मागावर वीस वर्षं काढलेला माणूस खरंच अशा सरळ चढावर असतो का, हा वेगळा प्रश्न आहे. वय वाढलं की हात मंदावतो. त्यासाठी अनुभवाचा वर्ग मॉडेलमध्ये घालावा लागतो, आणि तो घातला की एकट्या उताराला काही अर्थ उरत नाही.

आता माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार: "सर, टक्के फारच कमी येतायत." एक्सेलमध्ये =LOG(B2) हे सूत्र १० च्या पायाचा लॉग देतं. नैसर्गिक लॉगसाठी =LN(B2) लागतं. आर मध्ये मात्र log() म्हणजेच नैसर्गिक. एकाने एक्सेलमध्ये लॉग काढून मॉडेल आर मध्ये चालवलं, त्याला ०.०३ च्या जागी ०.०१३ मिळालं आणि त्याने "१.३ टक्के" लिहून टाकलं. ही चूक पकडणं अवघड जातं, कारण आर-स्क्वेअर तेच, टी-व्हॅल्यू त्याच, आलेख तसाच. फक्त उतार २.३०२६ पटीने लहान होतो. ओळखायची खूण सोपी आहे: लॉगच्या रकान्याकडे बघा. १८,००० रुपयांचा नैसर्गिक लॉग ९.८ असतो, दहाच्या पायाचा ४.२६. महिन्याच्या कमाईच्या रकान्यात सगळीकडे चारच्या आसपासचे आकडे दिसले की समजा काय झालंय. पुन्हा चालवायची सोय नसेल तर सहगुणकाला २.३०२६ ने गुणा आणि मग टक्के काढा.

जॉबरच्या ०.४० भोवतीची स्टँडर्ड एरर ०.०८ होती. तिने तिचेही टक्के करून ४९ च्या दोन्ही बाजूंना दुपटीने लावले, ३२ ते ६६. तसं करू नये. कॉन्फिडन्स इंटरव्हल आधी लॉगमध्येच काढायचा, ०.२४ ते ०.५६, आणि मग दोन्ही टोकं वेगवेगळी बदलायची: २७ ते ७५ टक्के. ४९ मधोमध पडत नाही म्हणून गाईड शंका घेतील. घेऊ द्या, तो तसाच असतो.

राहिला एक शब्द, "सरासरी". लॉगमधला उतार गुणोत्तरी मध्याबद्दल बोलतो, आपल्या नेहमीच्या सरासरीबद्दल नाही. दोन्ही गटांत लॉग कमाईची पसरण सारखी असेल तर फरक पडत नाही. पण जॉबरला ठरलेला पगार आणि बाकीच्यांना नगावर मजुरी असेल, तर पसरण सारखी असेलच असं नाही. दोन्ही गटांच्या रेसिड्युअलचं स्टँडर्ड डिव्हिएशन शेजारीशेजारी ठेवून बघा. तिच्या आकड्यांत ते जवळपास सारखं निघालं, म्हणून वाक्य शेवटी असं झालं: "अनुभव सारखा असताना जॉबरची कमाई माग चालवणाऱ्यापेक्षा सुमारे ४९ टक्के जास्त (२७ ते ७५)." मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग दीडपटच म्हणालो होतो की मी."