इंटर्नशिप संपली पण सर्टिफिकेट अडकलं? या चुका टाळा

चाकणला आमच्या प्लांटमध्ये दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची मुलं इंटर्नशिपला येतात, कामं चांगली करतात, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोन सुरू होतात की सर कॉलेजला सर्टिफिकेट जमा करायचंय, उद्या शेवटची तारीख आहे. काम झालेलं असतं, कंपनीलाही द्यायला काही अडचण नसते, तरी कागद अडकतो, आणि कारणं दरवर्षी तीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्टिफिकेट आणि शिफारस एकाच मेलमध्ये, एकाच माणसाकडे मागणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हो. सर्टिफिकेट एचआर देतं, ते रेकॉर्ड बघून देतं, म्हणजे तुम्ही कोण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतात, कुठल्या डिपार्टमेंटला होतात, बस. शिफारस देतो तुमचा मेंटर, ज्याने तुम्हाला काम करताना बघितलंय, आणि ती आठवणीवर लिहिली जाते. दोन्ही एकत्र मागितलं की एचआरला वाटतं मेंटर बघेल, मेंटरला वाटतं एचआर देईल, आणि मेल तसाच पडून राहतो. दोन वेगळे मेल करा. सर्टिफिकेटच्या मेलमध्ये मेंटरला सीसीत ठेवा, कारण एचआर तसंही त्याला विचारणारच की हा मुलगा पूर्ण काळ आला का.

दुसरं, शेवटच्या दिवसानंतर मागणं. सर्टिफिकेट एका जागी तयार होत नाही, आधी मेंटर हजेरी कन्फर्म करतो, मग एचआर लेटरहेडवर टाईप करतं, मग सहीचा अधिकार ज्याला आहे तो साहेब जागेवर असावा लागतो, आणि तो कधी ऑडिटमध्ये तर कधी बाहेरगावी. म्हणून संपायच्या आठ-दहा दिवस आधीच मेल टाका. सर्टिफिकेटवरची तारीख शेवटच्या दिवसाची किंवा नंतरचीच पाहिजे, आधीची तारीख असेल तर कॉलेज विचारतं की संपायच्या आधीच पूर्ण झालं कसं, पण मजकूर आधी तयार करून ठेवायला कोणाची ना नसते. आणि गेटपास, सेफ्टी शूज, लॅपटॉप असेल तर तो, हे सगळं परत करून नो ड्यूजवर सही घेतल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी एचआर फाईल पुढे सरकवतच नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. कंपनीचा मेल आयडी मिळाला असेल तर तो शेवटच्या दिवशी बंद होऊ शकतो, त्यामुळे मागणी पर्सनल आयडीवरून करा नाहीतर उत्तर तुम्हाला दिसणारच नाही.

आता तारखांचा घोळ, यात सगळ्यात जास्त कागद परत येतात. एका मुलाचं उदाहरण सांगतो. ऑफर लेटरवर 2 जून ते 11 जुलै 2025, म्हणजे सहा आठवडे, आणि कॉलेजलाही सहा आठवडेच हवे होते. सर्टिफिकेटवर एचआरने जुन्या फॉरमॅटमधून कॉपी करताना 'एक महिन्याची इंटर्नशिप' असं लिहिलं, तारखा नाहीतच, शिवाय नाव गेटपासवर होतं तसं, म्हणजे वडिलांचं नाव गाळून. मार्कशीटवर पूर्ण तीन नावं. कॉलेजने परत पाठवलं. मग त्याने बरोबर केलं ते असं, की नवीन मेल न करता त्याच जुन्या मेलला रिप्लाय दिला, ऑफर लेटर जोडलं, आणि फक्त दोन ओळी लिहिल्या: अमुक ओळीत एक महिना आहे तिथे 2 जून ते 11 जुलै 2025 हवं, आणि नाव मार्कशीटप्रमाणे असं हवं. एचआरला शोधाशोध करावी लागली नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कॉपी मिळाली. 'सर सर्टिफिकेटमध्ये मिस्टेक आहे प्लीज चेक' असा मेल गेला असता तर आठवडा गेला असता.

खरं तर हे पहिल्याच मेलमध्ये टाळता येतं. मार्कशीटवरचं नाव, कॉलेज आणि ब्रँच, दोन्ही तारखा, डिपार्टमेंट, मेंटरचं नाव, प्रोजेक्टचं एका ओळीतलं नाव आणि कॉलेजला कधीपर्यंत द्यायचंय ते, एवढं लिहा. कॉलेजचा ठरलेला फॉरमॅट असेल तर वर्ड फाईल जोडा, फोटो नको, कारण फोटोवरून परत टाईप करावं लागतं आणि तिथेच स्पेलिंग चुकतं. प्रोजेक्टच्या नावात ग्राहक कंपनीचं नाव किंवा पार्ट नंबर घालू नका, गोपनीयतेच्या कारणाने सही थांबते.

शिफारशीत चूक वेगळी होते. मुलं थेट प्लांट हेडकडे जातात, मोठं पद म्हणून. त्यांनी तुम्हाला एकदा राऊंडला बघितलेलं असतं, ते लिहिणार काय, मेहनती आणि प्रामाणिक विद्यार्थी, आणि असली शिफारस वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ज्याच्याबरोबर रोज उभे होतात त्या इंजिनिअरकडे मागा, आणि त्याला आठवायला मदत करा. प्रेस शॉपमधल्या एका मुलीने मेंटरला असं पाठवलं होतं: डाय बदलायला 48 मिनिटं लागत होती, मी तिन्ही शिफ्टमध्ये थांबून वेळ मोजली, बोल्ट आणि पाने आणायलाच फेऱ्या होत होत्या म्हणून ट्रॉली मशीनजवळ ठेवायचं सुचवलं, ट्रायलला 39 मिनिटं आली. मेंटरने त्यावरून चार ओळी लिहिल्या आणि त्या खऱ्या वाटतात, कारण त्यात तिसऱ्या शिफ्टला थांबलेली मुलगी दिसते. मेंटर म्हणाला की तूच लिहून आण, आणि असं बरेच म्हणतात, तर असेच मुद्दे द्या, विशेषणं त्याला घालू दे.

लिंक्डइनवर हवी असेल तर आधी तो तुमच्या कनेक्शनमध्ये पाहिजे, मग `Ask for a recommendation` वरून विनंती पाठवा आणि मुद्दे तिथेच मेसेजमध्ये टाका. पुढे परदेशात एमएसला अर्ज करायचा विचार असेल तर मेंटरला आत्ताच विचारून ठेवा, कारण तिथे बहुतेक युनिव्हर्सिटी शिफारस देणाऱ्याच्याच मेलवर लिंक पाठवतात आणि शक्यतो ऑफिसचा आयडी मागतात, तुमच्याकडची पीडीएफ तिथे चालत नाही.

उत्तरच आलं नाही तर? चार-पाच कामाचे दिवस थांबा, त्याच मेलवर आठवण करा, मग फोन करा, पण शिफ्ट सुरू होताना किंवा महिनाअखेरीला नको, तेव्हा एचआर हजेरी आणि पगारात अडकलेलं असतं. तरी हललं नाही तर कॉलेजच्या टीपीओकडून कंपनीला पत्र पाठवा. तोपर्यंत ऑफर लेटर, स्टायपेंड आल्याची बँक एंट्री आणि मेंटरचा तारखा कन्फर्म करणारा मेल हे कॉलेजला दाखवून मुदत मागता येते. मेंटर कंपनी सोडून गेला असेल तर तो लेटरहेडवर काही देऊ शकत नाही, पण लिंक्डइनवर लिहू शकतो, सर्टिफिकेट मात्र एचआरकडूनच येणार.

आणि कितीही घाई असली तरी मित्राच्या सर्टिफिकेटवर आपलं नाव टाकून चालवू नका. नोकरी लागल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले थेट एचआरला मेल करतात, आमच्याकडेही असे मेल येतात, आणि रेकॉर्डला नाव नसेल तर आम्ही नाही असंच कळवतो.