लिपिड प्रोफाइल हातात आला की आधी एक वजाबाकी करा

डॉक्टरांनी ‘आहार बदला’ म्हटलं की बहुतेक जण लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टमधला पहिला आकडा, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, धरून बसतात. पण त्यात चांगलं-वाईट सगळंच मिसळलेलं असतं. ताटातलं नेमकं काय बदलायचं, हे त्यावरून कळत नाही.

समजा रिपोर्ट, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, असा आहे: एकूण २३२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १४२.

आधी एकूणमधून एचडीएल वजा करा. एचडीएलचे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात, म्हणून ते चांगलं. उरले १९०. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. ते साधारण १३०च्या खाली असावं. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर आणखी खालची मर्यादा देतात.

आता हे १९० कुठून आले ते पाहा. १४२ एलडीएलचे, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्याचे. उरलेले ४८ ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या कणांचे, म्हणजे २४० भागिले ५. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, याच हिशोबाने काढतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हा हिशोब चुकतो. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं.

आहाराचा निर्णय इथे होतो. ट्रायग्लिसराइड १५०च्या वर असेल तर साखर, गोड पेयं, मैदा आणि मद्य कमी करायचं. नुसतं तेल-तूप तोडून ते फारसं उतरत नाही, आणि इथेच लोकांची मेहनत वाया जाते. एलडीएल वाढलेलं असेल तर लोणी, तूप, साय, चरबीचं मांस कमी करून त्याऐवजी द्रव वनस्पती तेल थोडं वापरा, आणि कडधान्यं, ओट यांचा विरघळणारा तंतू वाढवा. लोणी-तुपातली संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत रक्तातून एलडीएल कमी उचलतं.

आपल्या रुग्णाने गोड आणि मैदा सोडला. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला: एकूण २१५, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १४०, एलडीएल १४४. एलडीएल वाढलेलं पाहून माणूस खचतो. पण वजाबाकी करा: नॉन-एचडीएल १९०वरून १७२वर आलं. ट्रायग्लिसराइड उतरताना एलडीएल थोडं वर सरकू शकतं. पहिला बदल लागू पडला आहे, तो चालू ठेवून आता संपृक्त चरबीकडे वळायचं.

तपासणी आजारपणात किंवा त्यानंतर लगेच करू नका. तेव्हा कोलेस्टेरॉलचे आकडे खोटे उतरलेले दिसतात. आणि एलडीएल सुरुवातीलाच १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर कारण आनुवंशिक असू शकतं. तिथे फक्त आहारावर महिने घालवू नका, औषधाबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.