गर्दीच्या प्रवासासाठी आडवी पर्स: चेन बंद झाल्यावर तिचे टोक कुठे येते ते पाहा

आडव्या पट्ट्याच्या पर्सची चेन बंद केल्यावर तिचे टोक पाठीकडे राहत असेल, तर रेल्वेच्या वा बसच्या गर्दीत ती मागून उघडली गेल्याचे आपल्या लक्षातही येत नाही.

खरेदी करतानाच पर्स रिकामी न ठेवता तिच्यात फोन व पाण्याची छोटी बाटली टाकावी, पट्टा उजव्या खांद्यावरून डावीकडे घेऊन ती पोटावर आणावी आणि चेन पूर्ण बंद करावी. चेनचा रनर पोटाच्या मध्याकडे, आपल्या हाताखाली यायला हवा. तो बगलेकडे जात असेल तर पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेऊन पाहावे, कारण त्याने दिशा उलटते. (हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.) दोन रनरची चेन असल्यास ते मध्यभागी जुळवून त्यांच्या छिद्रांतून छोटी कडी अडकवता येते.

पट्ट्याची लांबी इतकीच ठेवावी, की पर्स बेंबीच्या जरा वर राहील आणि कोपर वाकवून हात तिच्यावर सहज टेकेल. मांडीपर्यंत लोंबणारी पर्स गर्दीच्या रेट्याने आपोआप मागे सरकते. पट्टा कमी-जास्त करणारे बक्कल ओढून पाहावे, कारण गुळगुळीत पट्टा वजनाने हळूहळू सैल होतो.

मात्र पट्ट्याचे उरलेले टोक मोकळे लोंबू देऊ नये, ते बंद होणाऱ्या दारात अडकू शकते.