कड्यावरून ११२ लावला, तर ठिकाण नेमकं कसं कळवावं

समजा, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सोबत्याचा पाय मोडला आणि तुम्ही ११२ लावला. तुम्ही उभे आहात अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. कंट्रोल रूमच्या नकाशावर मात्र खूण ठाणे जिल्ह्यात, मुरबाडच्या बाजूला दिसू शकते. यात कुणाची चूक नसते. कड्यासमोर कोकण उघडं पडलेलं असतं, म्हणून फोन सुमारे हजार मीटर खालच्या, लांबच्या टॉवरला सहज पकडतो. गडामागच्या जवळच्या गावातला टॉवर डोंगराआड जातो.

फोन लागताच मोबाइल कंपनीकडून सगळ्यात आधी मिळू शकतं ते एवढंच: कोणता टॉवर आणि त्याची कोणती बाजू. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, म्हणजे एकेकीच्या वाट्याला १२० अंशांचा पंखा येतो. शहरात टॉवर दाट असल्याने हा पंखा काहीशे मीटरचा असतो, डोंगरात तो कित्येक किलोमीटर पसरतो.

सिग्नल यायला-जायला किती वेळ लागला यावरून टॉवरपासूनचं अंतरही काढता येतं. ४जीमध्ये या मोजमापाची एक पायरी सुमारे ७८ मीटरची असते, जुन्या २जीमध्ये साधारण ५५० मीटरची. पण अंतर कळलं तरी दिशा कळत नाही. टॉवर ६ किलोमीटरवर असेल, तर १२० अंशांच्या पंख्यात त्या अंतरावरची कमान साडेबारा किलोमीटर लांब होते. तुम्ही त्या कमानीवर कुठेही असू शकता. शिवाय तुम्ही कड्याच्या माथ्यावर आहात की पायथ्याशी, हेही त्यातून समजत नाही.

नेमकं ठिकाण फोनमधला जीपीएस काढतो, आणि त्याला किमान चार उपग्रह लागतात. काही देशांत आपत्कालीन कॉल होताच फोन हे ठिकाण आपोआप पाठवतो. ब्रिटनमध्ये ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती तुमच्या फोनवर आणि त्या ठिकाणी चालेलच असं धरून चालू नका. आकडे स्वतः वाचून दाखवायची तयारी ठेवा.

त्यासाठी आधी मोकळ्या आकाशाखाली या. गुहेत, कपारीत किंवा कड्याला चिकटून बसलात तर अर्धं आकाश झाकलं जातं, आणि खडकावर आपटून आलेला सिग्नल ठिकाण बाजूला सरकवतो. मग लोकेशन चालू करून नकाशाचं ॲप उघडा. इंटरनेट नसेल तर नकाशा कोरा दिसेल, पण जीपीएस इंटरनेटशिवायही चालतो. फक्त पहिल्यांदा उपग्रह पकडायला काही मिनिटं लागू शकतात. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे ॲपचा स्वतःचा अंदाज: वर्तुळ मोठं असेल तर थांबा, ते आकसू द्या.

आता ठिपक्यावर बोट दाबून धरा, म्हणजे अक्षांश-रेखांश दिसतील. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान हवा. तसं नसेल तर काहीतरी उलटसुलट झालंय. दशांश चिन्हानंतरचे चार अंक पुरेत, चौथा अंक बदलला तर ठिकाण जेमतेम ११ मीटर हलतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सांगण्यात. पडद्यावर १९.३९ असेल तर “एकोणीस पॉइंट तीन नऊ” असंच म्हणा. “एकोणीस, एकोणचाळीस” म्हणालात तर समोरचा १९ अंश ३९ मिनिटं लिहील. खरं तर ०.३९ अंश म्हणजे फक्त २३.४ मिनिटं. फरक पडला १५.६ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचं असतं. म्हणजे पथक तब्बल २९ किलोमीटर उत्तरेला जाईल. आयफोनचं होकायंत्र ॲप अंश-मिनिटं-सेकंद दाखवतं. तिथून वाचत असाल तर तसं सांगा, आणि समोरच्याकडून आकडे परत म्हणून घ्या.

आकड्यांना शब्दांची जोड द्याच. “हरिश्चंद्रगड, कोकणकड्याच्या माथ्यावर, वर यायची वाट पाचनईकडून, तालुका अकोले.” कुठून वर चढायचं हे सांगणं इथे फार मोलाचं आहे. नकाशावर बेलपाडा अगदी पायाखाली दिसतं, पण तिथून वर यायचं म्हणजे नळीच्या वाटेची अवघड चढाई. स्ट्रेचर घेऊन येणाऱ्यांना पाचनई किंवा खिरेश्वरकडूनच यावं लागतं. जिल्ह्याचं नाव तर पहिल्या वाक्यातच सांगा, म्हणजे कॉल ठाण्याकडे वळवला जात असेल तर तिथेच दुरुस्त होईल.

पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल, तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो आहे. अशा वेळी कंट्रोल रूमला तुम्हाला उलट फोन लावता येईलच असं नाही, म्हणून सगळी माहिती त्या पहिल्याच कॉलमध्ये द्या. कॉल झाल्यावर जागा सोडू नका. रेंज शोधत हलावंच लागलं, तर जखमीजवळ एकाला बसवा आणि पुन्हा फोन लागला की आधी दिलेले आकडे जखमीचे आहेत, तुमचे नाहीत, हे स्पष्ट करा.