बिझनेस मॉडेल कॅनव्हासच्या नऊ चौकटी: कॅल्क्युलेटर भाड्याने देण्याच्या एका प्रकल्पातून

प्रकल्पासाठी कॅनव्हास करायला सांगितला की बहुतेक गट नऊ चौकटी आपसांत वाटून घेतात, जो तो आपापली चौकट भरतो आणि शेवटच्या रात्री सगळं एकत्र चिकटवलं जातं. मग तोंडी परीक्षेत एकच प्रश्न येतो, ‘या चौकटीचा त्या चौकटीशी संबंध काय?’ आणि सगळे एकमेकांकडे बघत राहतात. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी २००४ साली लोझान विद्यापीठात इव्ह पिन्यूर यांच्या मार्गदर्शनाखाली व्यवसायाच्या मॉडेलवर जो प्रबंध लिहिला, त्यातून हा कॅनव्हास पुढे आला. व्यवसायाचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे एका कागदावर दिसावं, हाच त्याचा उपयोग.

आपण एक साधा प्रकल्प घेऊ: सायंटिफिक कॅल्क्युलेटर एका सत्रासाठी भाड्याने देणं. पैशांच्या जागी नुसते आकडे धरू. नवा कॅल्क्युलेटर १०० ला मिळतो, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी वापरलेला ४० ला विकतात.

आधी कागद आखा

मोठा कागद आडवा ठेवा. मधोमध मूल्यप्रस्ताव. त्याच्या उजवीकडे ग्राहकसंबंध आणि त्याखाली चॅनल, आणि अगदी उजव्या कडेला ग्राहकगट. डावीकडे मुख्य कामं, त्याखाली मुख्य संसाधनं, आणि अगदी डाव्या कडेला भागीदार. तळाला दोन आडव्या पट्ट्या: डावी खर्चाची, उजवी उत्पन्नाची. थेट कागदावर लिहू नका. छोट्या चिकट चिठ्ठ्या वापरा, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. या चिठ्ठ्या पुढे हलवाव्या लागणार आहेत.

उजव्या कडेपासून सुरुवात करा

ग्राहकगटात ‘सर्व विद्यार्थी’ असं लिहिलंत तर उरलेल्या आठही चौकटी मोघम होतील. कोणाला कॅल्क्युलेटर विकत घ्यायचा नाही, पण वापरायचा आहे? पहिल्या वर्षाचे असे विद्यार्थी, ज्यांना एकदोनच विषयांना तो लागतो आणि पुढे लागेल की नाही हे माहीत नाही. हा गट नेमका आहे. तो खरा आहे का हे बघायला त्यांना ‘तुम्ही भाड्याने घ्याल का?’ असं विचारू नका, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘मागच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर कुठून आणला?’ असं विचारा. बहुतेकांनी मोठ्या भावंडाचा फुकट वापरला असेल, तर तुमचा गट वाटला त्यापेक्षा लहान आहे.

मूल्यप्रस्ताव म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. गटाची अडचण काय आणि तुमच्यामुळे ती कशी सुटते, ते इथे येतं. आपल्या प्रकल्पात ते असं: परीक्षेला चालणारं मॉडेल, नवी बॅटरी घातलेलं, सत्रभरासाठी, नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात. ‘परीक्षेला चालणारं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रोग्रॅमेबल मॉडेलला परवानगी नसेल, तर स्वस्त असूनही ते निरुपयोगी.

चॅनल आणि ग्राहकसंबंध यांत हमखास गल्लत होते. ग्राहकाला तुमच्याबद्दल कळतं कुठे, वस्तू हातात येते कुठे, बिघडली तर तो जातो कुठे, हे सगळं चॅनल. त्याच्याशी नातं कोणत्या प्रकारचं, हे ग्राहकसंबंध. आपल्याकडे सत्राच्या पहिल्या आठवड्यात मांडलेलं टेबल हे चॅनल. परीक्षेच्या सकाळी बटण अडकलं तर लगेच दुसरं यंत्र हातात देण्याची हमी, हा संबंध. ‘सोशल मीडिया’ एवढंच लिहून या दोन्ही चौकटी भरल्यासारख्या वाटतात, भरत मात्र एकही नाही.

उत्पन्न आणि खर्च एकदम मांडा

३० कॅल्क्युलेटर ४० प्रमाणे घेतले, म्हणजे १२०० गुंतवले. भाडं सत्राला १५, अनामत ४०. त्यातले २४ भाड्याने गेले असं धरा. उत्पन्न ३६०.

इथे बरेच गट अनामतीचे ९६० सुद्धा उत्पन्नात मिळवतात आणि पहिल्याच सत्रात धंदा जोरात चाललेला दिसतो. अनामत परत द्यायची असते, ती तुमची नाही. एखादं यंत्र परत आलंच नाही तर तेवढ्यापुरती ती तुमच्याकडे राहते, आणि ती ४० ठेवण्याचं कारणही तेच: वापरलेलं दुसरं यंत्र तेवढ्यालाच येतं.

बॅटऱ्या, सफाई, किरकोळ दुरुस्ती मिळून सत्राला ९० खर्च. शिल्लक २७०. म्हणजे चार सत्रांत १०८० सुटतात आणि १२०० पाचव्या सत्रात वसूल होतात.

आता एक चिठ्ठी हलवून बघा

एवढं थांबणं परवडत नाही, तर यंत्रं विकत न घेता मालकाकडून ठेवून घ्या आणि भाड्याचा ४० टक्के वाटा त्याला द्या. ३६० मधून १४४ मालकांना, ९० खर्च, शिल्लक १२६. शिल्लक निम्म्याहून कमी झाली, पण १२०० ची गुंतवणूकच गेली.

कागदावर नजर टाका. खर्चाची पट्टी बदलली हे उघड आहे. पण संसाधनांत आता तुमचा साठा उरला नाही. त्याऐवजी कोणतं यंत्र कोणाचं याची नोंदवही आली. मुख्य कामांत प्रत्येक मालकाचा हिशेब वाढला. यंत्र हरवलं तर अनामत मालकाला द्यावी लागेल, तेव्हा तो करारही आला. आणि उजव्या कडेला एक नवा गट उभा राहिला: शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, ज्यांच्यासाठी मूल्यप्रस्ताव वेगळा आहे, पडून राहिलेल्या वस्तूचं भाडं. त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या करा, म्हणजे कोणता प्रस्ताव, चॅनल आणि संबंध कोणासाठी ते लगेच दिसेल.

हे मालक भागीदार की ग्राहक, यावर गटात वाद होईल. माझ्या मते, ज्यांना एकेकट्याने पटवावं लागतं ते ग्राहकगटात ठेवावेत. भागीदारांत दुरुस्ती करणारा बसतो, टेबलासाठी जागा देणारं ग्रंथालय बसतं. मात्र त्या ग्रंथालयाला यातून काय मिळतं हे सांगता येत नसेल, तर ती चिठ्ठी काढून टाका.

सादर करण्याआधी प्रत्येक चिठ्ठीवर बोट ठेवून विचारा, ही काढली तर दुसरी कोणती अडते? कोणतीच अडत नसेल, तर ती जागा भरायला लिहिलेली आहे. ज्या गोष्टी तुम्ही विचारपूस करून तपासल्या त्यांच्यावर खूण करा, बाकी अंदाज म्हणूनच दाखवा. ३० पैकी २४ जातील, हा आपला सर्वांत मोठा अंदाज आहे. १२ च गेले तर उत्पन्न १८० वर येतं, आणि मालकांचे ७२ व खर्चाचे ९० वजा जाता हातात १८ राहतात.

दोन गोष्टींना या कागदावर जागाच नाही. एक, स्पर्धक: फुकट उसना देणारा मित्र कोणत्याच चौकटीत बसत नाही. दुसरी, वेळ: सगळी यंत्रं एकाच आठवड्यात जातात आणि एकाच आठवड्यात परत येतात, त्यामुळे एक यंत्र सत्रात दोनदा भाड्याने देता येत नाही. या दोन्हींसाठी अहवालात वेगळं पान जोडा.