सातवा मुद्दा कुठी गेला? वर्डमधल्या यादीला वळण लावताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मी ऑपरेटर आहे. दुकानात आले तेव्हा मराठी टायपिंगचं ३० आणि ४० दोन्ही पास होते, एमएस-सीआयटीही झालेलं होतं. बोटं पळत होती. पण यादी कशी करायची असते, हे मला येत नाही हेच मला माहीत नव्हतं. टायपिंगच्या क्लासमध्ये आम्ही आकडा हातानं टाकायचो, मग टिंब, मग चार स्पेस. परीक्षेला तेवढ्यानं भागतं, गिऱ्हाइकाच्या कामाला भागत नाही.

पहिल्याच जूनमध्ये एका शेतकरी उत्पादक कंपनीचं पत्रक आलं. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल तेरा मुद्दे, ए-फोर कागदावर दोन रकाने, ५०० प्रती. मी सगळे आकडे हातानं टाकले. प्रिंट द्यायच्या अर्धा तास आधी फोन आला, सातवा मुद्दा काढून टाका. मी काढला. लाइट जायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून पुढचे आकडे बदलायचं राहून गेलं. आठवड्यानं त्यांच्या सभेत एक आजोबा पत्रक हातात धरून उभे राहिले. "सहाच्या बाद एकदम आठ? सातवा मुद्दा कुठी गेला? आमच्यापासून काय लपवून राहिले?" सभेला मी नव्हते, पण कंपनीच्या भाऊंनी दुकानात येऊन मला ते आजोबांच्याच आवाजात ऐकवलं. आमच्या दुकानातले दादा हसले, आणि मग म्हणाले, "आता फाइल उघड अन् पाय, तुहा आकडा आकडा हाये का नुसतं अक्षर हाये."

ही परीक्षा मी आजही प्रत्येक आलेल्या फाइलवर आधी करते. आकड्यावर एकदा क्लिक करायचं. आकडा वर्डनं दिलेला असेल तर त्या पातळीचे सगळे आकडे करडे होतात आणि कर्सर आकड्याच्या आत शिरत नाही. कर्सर आत शिरला, तर तो हातानं टाकलेला. मग `Ctrl+Shift+8` दाबून लपलेल्या खुणा बघायच्या. स्पेसच्या जागी ठिपके दिसतात, टॅबच्या जागी बाण. माझ्या त्या पत्रकात ठिपक्यांच्या रांगा होत्या, जणू पेरणीच केली होती.

म्हटलं, आता वर्डचं नंबरिंगचं बटण वापरू. आकडे आपोआप यायला लागले, पण दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. नवीन मुलं इथंच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिली अडचण दहाव्या मुद्द्याला. नऊपर्यंत सगळे मुद्दे एका रेषेत, आणि दहा, अकरा, बारा यांची पहिली ओळ एकदम उजवीकडे उडी मारलेली. मी रूलरवरचे त्रिकोण ओढत बसले, एक ठीक केला की दुसरा बिघडे. कारण साधं होतं. बटण दाबलं की वर्ड आकडा पाव इंचावर ठेवतो आणि मजकूर अर्ध्या इंचावर, म्हणजे आकड्याला जागा मिळते पाव इंच, १८ पॉइंट. माझा अक्षराचा आकार होता १४. "९." त्या जागेत मावतं, "१०." मावत नाही. आकडा जागेबाहेर गेला की त्याच्यामागचा टॅब पुढचा थांबा शोधतो, तो थेट एक इंचावर. म्हणून पहिली ओळच पळते आणि त्याखालच्या ओळी जागेवर राहतात. यादी दहाच्या पुढं जाणार असेल तर आकड्याला आधीच जास्त जागा द्यायची. १४ च्या अक्षराला मी ०.४ इंच देते.

दुसरी अडचण पातळ्यांची. त्या पत्रकात कामगंध सापळ्यांचा मुद्दा होता, त्याच्या पोटात किती लावायचे, कधी बघायचे असे उपमुद्दे, आणि "कधी बघायचे"च्या पोटात आणखी तीन बारके. मी टॅब मारत गेले, वर्ड आत आत नेत गेला. वर्डमध्ये नऊ पातळ्या असतात, तो कुठंच अडवत नाही. पण हिशोब करून बघा. ए-फोरला दोन्ही बाजूंनी एकेक इंच समास सोडला, मध्ये अर्धा इंच मोकळा ठेवला, तर एक रकाना उरतो २.९ इंचांच्या आसपास. तिसऱ्या पातळीचा मजकूर सुरू होतो दीड इंचावर. अर्धा रकाना मोकळाच जातो आणि उरलेल्यात ओळीला दोन-तीन शब्द. पत्रक वाचणाऱ्याला कुठलं कशाच्या पोटात आहे ते कळत नाही, कागद मात्र वाढतो.

तेव्हापासून आमच्या दुकानात दोनच पातळ्या. तिसरी आली की मजकूर बदलायचा. सापळ्यांचंच बघा. आधी असं होतं: मुद्दा "कामगंध सापळे", त्याखाली "पाहणी", त्याखाली "रोज", "पतंग मोजा", "आठ किंवा जास्त". आता दुसऱ्या पातळीवर एकच वाक्य आहे: "सापळ्यातले पतंग रोज मोजा, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त सापडले तर फवारणीची वेळ झाली समजा." त्याच्या वरच्या ओळीत, "एकरी दोन सापळे लावा." भाऊंना विचारूनच बदललं, कारण मजकूर त्यांचा. ते म्हणाले, असंच तर सांगतो आम्ही बांधावर.

आता वर्डमध्ये हे कायमचं कसं बसवायचं ते. आधी दोन परिच्छेद-स्टाइल बनवायच्या. मी त्यांना "यादी १" आणि "यादी २" अशीच नावं दिली आहेत. दोन्ही `Normal` वर आधारलेल्या, बाकी काही करायचं नाही. मग `Home` मध्ये `Multilevel List` च्या बाणावर क्लिक करून `Define New List Style` घ्यायचं, नाव द्यायचं, आणि खालच्या `Format` मधून `Numbering` उघडायचं. तिथं `More >>` दाबल्याशिवाय अर्ध्या गोष्टी दिसतच नाहीत. मी पहिल्यांदा अर्धा दिवस शोधत होते.

डावीकडे पातळी १ निवडून `Link level to style` मध्ये "यादी १" द्यायची. `Aligned at` ला शून्य, `Text indent at` ला ०.४. आकड्यांचा प्रकार `Number style for this level` मधून १, २, ३ निवडायचा. देवनागरी आकडे दिसत नसतील तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडलेली आहे का बघा. पातळी २ ला "यादी २" जोडायची, `Aligned at` ०.४ आणि `Text indent at` ०.६५. म्हणजे उपमुद्द्याचं टिंब वरच्या मुद्द्याच्या पहिल्या अक्षराच्या बरोबर खाली येतं, डोळ्याला शोधावं लागत नाही.

पातळी ३ ला मी एक खोडी करून ठेवली आहे. तिथं `Enter formatting for number` मधलं जे असेल ते पुसून "तिसरी!!" असं लिहिलं आहे. वर्ड तिसऱ्या पातळीला अडवत नाही, पण चुकून कुणी एक टॅब जास्त मारला की पानावर "तिसरी!!" ओरडतं. शिकाऊ मुलगा असेल तर स्वतःच हसून `Shift+Tab` मारतो.

दुसऱ्या पातळीला टिंब की अक्षर, हा वाद आमच्याकडे नेहमीचा. ग्रामसभेच्या ठरावात अक्षर लागतं, कारण कुणी तरी "३ मधला ब" असं म्हणणार असतं. आपल्याला सवय अ, ब, क, ड ची. वर्ड मात्र मराठीची शिस्त पाळतो, तो अ, आ, इ किंवा क, ख, ग देतो. अ, ब, क, ड हवं म्हणून हातानं टाकलं की सातव्या मुद्द्याची कथा पुन्हा सुरू. मी सरपंचांना समजावून क, ख, ग वर आणलं आहे, ग्रामसेवक अजून कुरकुरतात. पत्रकाला टिंब पुरतं. तेही साधं गोल. शोभेचे बाण आणि बरोबरच्या खुणा विंगडिंग्ज फाँटमधून येतात, आणि तो फाँट नसलेल्या मोबाइलवर त्यांच्या जागी चौकोन दिसतात.

एवढं झालं की टाइप करताना रूलरला हात लावायचा नाही. मुद्दा "यादी १", उपमुद्दा "यादी २", बस्स. एक सांभाळा: यादीच्या अगदी पहिल्या मुद्द्यावर टॅब मारला तर वर्ड बरेचदा तो मुद्दा आत न नेता अख्खी यादीच सरकवतो. तिथं स्टाइलवरच क्लिक करा. मुद्द्याच्या आतच नवी ओळ हवी असेल, आकडा नको असेल, तर `Shift+Enter`. पत्रकाच्या मागच्या बाजूला फवारणीची काळजी ही वेगळी यादी होती; तिच्या पहिल्या आकड्यावर राइट क्लिक करून एकदाच `Restart at 1`. इंडेंट बदलायचा असेल तर तोही त्याच खिडकीत, `Multilevel List` मध्ये आपल्या यादीच्या नावावर राइट क्लिक करून `Modify`. परिच्छेदाच्या खिडकीत बदललात तर तेवढा एक परिच्छेद फुटून निघतो.

बाहेरून आलेल्या मजकुराला एवढं प्रेम दाखवायचं नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेलं मी `Keep Text Only` नं चिकटवते, हातानं टाकलेले आकडे आणि ठिपके पुसते, मग स्टाइल देते. कुणी रूलर ओढून ठेवलेला परिच्छेद असेल तर त्यावर `Ctrl+Q`. तो स्टाइलच्या मापावर परत येतो. एखादाच आकडा उगाच ठळक दिसत असेल तर मजकुरात शोधू नका. आकडा आपलं रूप परिच्छेदाच्या शेवटच्या ¶ खुणेकडून घेतो. ती खूण निवडून `Ctrl+B` काढलं की आकडाही साधा होतो.

छापण्याआधी शोधच्या खिडकीत `^t` टाकते. वर्डनं स्वतः आकड्यामागं घातलेला टॅब त्यात सापडत नाही, हातानं मारलेलाच सापडतो. यादीत एकही सापडला नाही तर पीडीएफ काढते, कारण गिऱ्हाइकाच्या संगणकावर काय फाँट आहे ते आपल्या हातात नसतं.

यंदा जूनमध्ये तेच पत्रक पुन्हा आलं. भाऊंनी दुकानात उभं राहून चौथा मुद्दा काढायला लावला, नववा दोन तुकड्यांत तोडला आणि शेवटचा वर नेला. मी तिन्ही केलं, आकडे आपापले सरकले. भाऊंनी पानावर बोट ठेवून एक ते बारा मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. "सातवा हाये ना, ताई?" म्हणाले, आणि पैसे मोजायला लागले.