कथेच्या निबंधात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट कॅरेक्टरायझेशन नेमकं कसं दाखवायचं

कॉलेज रोडला क्लासला जाणाऱ्या पोरांच्या वह्या बघितल्या की व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात: लेखक स्वभाव सरळ सांगतो ते डायरेक्ट म्हणजे प्रत्यक्ष, आणि वागण्याबोलण्यातून आपल्याला कळू देतो ते इनडायरेक्ट म्हणजे अप्रत्यक्ष. घोडं अडतं ते पुढे, कथेत हे कुठे आहे ते दाखवा म्हटलं की. म्हणून इथे एक छोटा उतारा मीच रचलाय, त्यावरच सगळं करू.

"दामूअण्णा मुलखाचे चिक्कू. रविवार कारंजावर उतरल्यावर त्यांनी रिक्षांकडे बघितलंसुद्धा नाही, पिशवी खांद्याला लावली आणि पूल ओलांडून चालत पंचवटीत आले. भाजीवाली पाच रुपये परत द्यायला विसरली तर तिथेच उभे राहिले. 'हिशोब म्हणजे हिशोब, बाई.' तिने शेजारणीकडे बघून डोळे फिरवले. घरी येऊन अण्णांनी ते पाच रुपये एका डब्यात टाकले. डब्यावर चिठ्ठी होती: सुमीची फी."

पहिली स्टेप, पेन्सिल घ्या आणि स्वभावाचं नाव असलेला शब्द शोधा. चिक्कू, भित्रा, प्रेमळ असा शब्द निवेदकाच्या वाक्यात सापडला की ते डायरेक्ट, बाजूला 'प्र' लिहा. आपल्या उताऱ्यात तो एकदाच येतो, पहिल्याच वाक्यात.

दुसरी स्टेप, उरलेल्या ओळींत स्वभावाचं नाव नाही पण अंदाज येतो, तिथे 'अ' लिहा आणि तो कशावरून आला तेही लिहा, कारण नुसतं 'इनडायरेक्ट' म्हटल्यावर मार्क देणाऱ्याला काहीच कळत नाही. रिक्षा न करणं ही कृती, 'हिशोब म्हणजे हिशोब' हे बोलणं, भाजीवालीचे डोळे ही दुसऱ्यांची प्रतिक्रिया. याशिवाय मनातले विचार आणि दिसणं, कपडे हेही असतं, पण जे कथेत नाही ते ओढूनताणून शोधू नका. आणि अण्णा उंच आहेत एवढंच लिहिलं असतं तर ते नुसतं वर्णन झालं, त्यातून स्वभाव काही कळत नाही.

आता खरी मजा डब्यात आहे. निवेदक म्हणतो चिक्कू, आणि डबा म्हणतो की हा माणूस पोरीच्या फीसाठी पैपै जोडतोय. म्हणजे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट एकमेकांशी भांडतायत, आणि निबंधात लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच असतं, तरी बरीच पोरं दोन याद्या करून मोकळी होतात. अशी जागा दिसली की वेळ तिथे घालवा. बघा:

"निवेदक सुरुवातीलाच दामूअण्णांची 'मुलखाचे चिक्कू' म्हणून प्रत्यक्ष पद्धतीने ओळख करून देतो, आणि पायी येण्याची कृती व 'हिशोब म्हणजे हिशोब' हे बोलणं आधी त्याला दुजोरा देतं. पण शेवटी तेच पाच रुपये 'सुमीची फी' लिहिलेल्या डब्यात जातात. या कृतीतून लेखक न सांगता दाखवतो की चिक्कूपणा वाटत होता ती खरं तर काळजी आहे, त्यामुळे वाचक पहिल्या वाक्याकडे परत संशयाने बघतो."

यात काय काय आलं बघा, पद्धतीचं नाव, दोनतीन शब्दांचं अवतरण, त्यातून निघणारा स्वभाव आणि वाचकावर होणारा परिणाम. अवतरण छोटंच ठेवा, अख्खी ओळ उतरवली की आपल्या म्हणण्याला जागाच उरत नाही आणि मग निबंध गोष्ट परत सांगण्याकडे घसरतो. घसरलाय की नाही हे ओळखायचं असेल तर आपल्या परिच्छेदातली 'मग' आणि 'नंतर' मोजा, प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू होत असेल तर तुम्ही गोष्ट सांगताय.

एक ठिकाण मात्र फसवं आहे. समजा भाजीवाली मोठ्याने म्हणाली असती, 'काय कंजूष म्हातारा आहे!' स्वभावाचा शब्द तर आला, मग हे डायरेक्ट का? काही शिक्षक हो म्हणतात, काही नाही, आणि माझ्या मते भांडायची गरजच नाही, 'भाजीवालीच्या तोंडून' असं स्पष्ट लिहा म्हणजे दोन्हीकडे चालतं. कारण ते तिचं मत आहे, तिला डब्याचं काही माहीत नाही, आणि त्या वाक्यातून अण्णांइतकीच तीही कळते, पाच रुपयांसाठी अडवल्याचा राग आलेली. 'मी' बोलत असलेल्या कथेतही हेच, 'मी फार साधा माणूस' असं तो स्वतः म्हणाला तर लगेच प्रत्यक्ष म्हणून सोडून देऊ नका, त्याचं पुढचं वागणं आधी तपासा.